मदत हवी आहे: तोच भात, रात्रीच शुगर लो का?

धरमपेठ_आई: मुलगा 10 वर्षांचा, टाइप 1 डायबेटिस. डॉक्टरांनी 12 ग्रॅम कार्ब्सला 1 युनिट इन्सुलिन सांगितलंय. भात काट्यावर 150 ग्रॅम तोलते आणि 42 ग्रॅम कार्ब्स धरते. सकाळी ठीक असतं, रात्री दोन तासांनी 60-65. तांदूळ तोच, काटाही तोच. वरण-पोळीचा हिशेब वेगळा धरते.

विदर्भ_काका: भात बंद करा ताई, भगर द्या. माझी शुगर तिनंच उतरली.

डबा_वजा: काका, प्रश्न टाइप 1 चा आहे, आणि भगरीतही कार्ब्स असतातच. ताई, रात्रीचा भात मऊ करता का?

धरमपेठ_आई: हो, रात्री गुरगुट्याच लागतो त्याला.

डबा_वजा: मग तिथंच घोळ आहे. तुम्ही भाताबरोबर पाणीही तोलताय. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 78 ग्रॅम कार्ब्स असतात, म्हणजे 200 ग्रॅम तांदळात 156. पाणी कितीही घाला, तो आकडा बदलत नाही. कुकरचा रिकामा डबा एकदा तोलून त्याचं वजन झाकणावर लिहून ठेवा. भात झाला की डब्यासकट तोला आणि ते वजा करा. मोकळा भात 560 ग्रॅम भरला, तर 156 भागिले 560, म्हणजे ग्रॅममागे 0.28. तेच तांदूळ मऊ होऊन 700 भरले, तर 0.22. आता 150 ग्रॅम ताटात वाढा: सकाळी 42, रात्री 33. नऊ ग्रॅम जास्त धरले, म्हणजे पाऊण युनिट जादा. एवढ्याशा पोराला ते पुष्कळ झालं. आकडा रोज काढायची गरज नाही. मोकळ्याचा एक, मऊचा एक, पाण्याचं माप मात्र ठरलेलं ठेवा.

सीताबर्डीकर: वरण कशाला मोजायचं? डाळ म्हणजे प्रोटीन.

डबा_वजा: प्रोटीन आहेच, पण 25 ग्रॅम कोरड्या तूरडाळीत 14 ग्रॅमच्या आसपास कार्ब्सही येतात. पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम 10-12 ग्रॅम, तिथं तुमचं चालून जाईल. घट्ट फोडणीच्या वरणाच्या दोन वाट्यांना नाही.

धरमपेठ_आई: आज मऊ भात 690 भरला. 0.23 धरून 35 मोजले, दोन तासांनी 118. एक दिवसच झाला, अजून बघते. पोळ्याला पुरणपोळी कशी धरू?

डबा_वजा: पोळीच्या आकारावर जाऊ नका, घाण्यावर जा. 250 डाळ, 250 गूळ, 200 कणीक असेल तर डाळीचे 117, गुळाचे 212, कणकेचे 128, मिळून 457. दहा पोळ्या झाल्या तर एकीत 46. आपल्याकडे पुरण गच्च भरतात, त्यामुळे आठच झाल्या तर 57.

सीताबर्डीकर: आणि वरून वाटीभर तूप!

डबा_वजा: तुपात कार्ब्स नाहीत, पण त्यानं पचन लांबतं. दोन तासांनी बरी दिसलेली शुगर चौथ्या तासाला चढू शकते. म्हणून चार तासांनीही तपासा. डोस दोनदा विभागून द्यायचा का, ते मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. प्रत्येक पोराचं वेगळं असतं.

विदर्भ_काका: भगरीचा आकडा किती हो मग?