मदत हवी आहे : यूएसबी-सी हबवरील एसएसडीची जोडणी मध्येच तुटते

माझ्या लॅपटॉपच्या एकमेव यूएसबी-सी पोर्टला जोडलेल्या हबवर मॉनिटर, नेटवर्क केबल आणि बाह्य एसएसडी चालते. मोठी फाइल कॉपी होत असताना एसएसडी मध्येच डिस्कनेक्ट होते, मॉनिटर मात्र सुरूच राहतो. केबल बदलूनही फरक पडला नाही. एसएसडी थेट लॅपटॉपला जोडल्यास अडचण येत नाही. हबला ६५ वॉटचा चार्जर लावल्यावर हब तितकाच तापतो, तरीही जोडणी टिकते. म्हणून उष्णतेपेक्षा वीज अपुरी पडणे हेच कारण असावे, असे मला वाटते, कारण पोर्टमधून मिळणारे ५ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे १५ वॉट, तिघांत वाटले जातात. मात्र चार्जर लावताना किंवा काढताना सर्वच उपकरणे क्षणभर तुटतात. लॅपटॉपमध्ये थंडरबोल्ट नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेला डॉक घेतल्यास या दोन्ही अडचणी सुटतील का?