मदत हवी आहे: रिक्षावाल्याचा फीचा डबा आणि क्यूआरचे पैसे

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका रिक्षावाल्या दादांनी मुलीच्या फीसाठी रोज डब्यात पैसे टाकायला सुरुवात केली आहे. दिवाळीनंतरच्या सत्राचे १२,००० भरायचे आहेत. जूनपासून पाच महिने, महिन्याला २६ दिवस धंदा, म्हणजे १३० दिवस. रोज १०० टाकले तर १३,००० होतात. वरचे हजार मंदीच्या दिवसांसाठी.

आधी ते रात्री उरलेले पैसे टाकत, आणि सीएनजी, घरखर्च झाल्यावर उरायचं काय? आता पहिल्या शंभराची रोकड थेट डब्यात जाते. डबा पत्र्याचा, झाकण डाग देऊन बंद केलेलं, नाहीतर पंक्चर निघालं की हात तिकडेच जातो.

अडचण अशी की निम्मं भाडं क्यूआरवर येतं. ते घरखर्चाच्याच खात्यात पडतं आणि तिथेच संपतं. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, म्हणून बाद.

किमान शिल्लक न लागणारं बेसिक बचत खातं दुसऱ्या बँकेत उघडून रोज रात्री यूपीआयने शंभर वळते करावेत का? रिक्षावाल्यांपैकी कुणी असं केलंय का? त्या खात्याचं एटीएम कार्ड घ्यावं की नकोच?