मदत हवी आहे: मेथीचा ढीग कमी-जास्त होतोय आणि खिडकीतलं ऊन सरकतंय, हा प्रसंग जोडू कसा?

गॅलरीतला

नमस्कार. आम्ही पाच मित्रांनी गिरगावातल्या एका चाळीत, एकाच्या आजीच्या खोलीत, वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म शूट केली आहे. एडिटिंग माझ्याकडे आहे आणि मुख्य प्रसंगात मी आठवडाभर अडकलो आहे.

आई जमिनीवर बसून मेथी निवडतेय. पानं ताटात, काड्या वर्तमानपत्रावर. समोर मुलगा चहा घेऊन बसलाय. राहती खोली विकायचा कागद आपण आधीच सही करून दिलाय, हे तो तिला सांगतो. ती निवडत राहते, मग हात थांबतो. शेवटी मुलगा उठून खिडकीशी जातो. एवढंच, साडेचार मिनिटं.

खिडकी पश्चिमेची, मुलाच्या पाठीमागे जराशी डावीकडे. जानेवारीत एका दुपारी शूट केलं. दोघंही दिसणारा लांबचा शॉट, म्हणजे मास्टर, अडीचला घेतला, मुलाचे क्लोज पावणेचारला आणि आईचे क्लोज सव्वापाचला. मास्टरमध्ये ऊन फक्त खिडकीखालच्या फरशीवर आहे आणि आईचा चेहरा मऊ उजेडात आहे. तिच्या क्लोजमध्ये मात्र ऊन तिरपं होऊन थेट तिच्या गालावर आलंय, केशरी रंगाचं, आणि त्यात खिडकीच्या गजांच्या दोन काळ्या सावल्या. मास्टरवर परत गेलो की गाल एकदम साफ.

त्यात ती प्रत्येक टेकमध्ये खरोखर मेथी निवडत होती. त्यामुळे ताटातला ढीग वाढतो, कट झाला की घटतो, पुन्हा वाढतो. मुलाच्या कपातल्या चहाचंही तेच. कंटिन्युइटीला वेगळं माणूस नव्हतं, फोनवर फोटो काढून ठेवायचंही कुणाला सुचलं नाही.

रंग जुळवायचा प्रयत्न केला तर आईची कातडी राखाडी दिसायला लागली. पुन्हा शूट करणं शक्य नाही, खोलीला आता कुलूप आहे. आईचं काम करणाऱ्या काकूंचा दुसरा टेक इतका खरा आहे की तो टाकून द्यायचा विचारही नको वाटतो.

सिनेमावेडा

तुम्ही उगाच घाबरताय. 1997 मध्ये डॅनियल लेविन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी दोन बायकांच्या गप्पांची छोटी फिल्म बनवली होती. तिच्यात कटगणिक मुद्दाम चुका पेरल्या होत्या. ताटल्यांचा रंग बदलायचा, गळ्यातला स्कार्फ गायब व्हायचा. पहिल्यांदा बघणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. लोक चेहरे बघतात. ढीग आणि ऊन दोन्ही आहे तसं सोडून द्या.

डोंबिवलीचं स्वयंपाकघर

माझ्या रेसिपीच्या व्हिडिओतही अगदी हेच होतं! फोडणी घालताना सगळं पिवळं, भाजी घातली की निळसर. ओटा तोच, ट्यूब तीच. खिडकीला पडदा लावूनही फरक नाही. दादा, तुम्ही पडदा लावून बघितला होता का?

जुना संकलक

ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमच्या फोनचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर असणार. कढईत पिवळं दिसलं की तो उलटीकडे सरकतो, हिरवं आलं की पुन्हा सरकतो. तो लॉक करून एकदा शूट करा. यांच्या बाबतीत कॅमेरा नाही, सूर्यच सरकलाय.

गॅलरीतला, आधी ढिगाबद्दल बोलू, कारण ते सोपं आहे. सिनेमावेडा यांचं म्हणणं ढिगापुरतं बरोबर आहे, उन्हाच्या बाबतीत नाही. वस्तू फ्रेमच्या कोपऱ्यात असते आणि डोळा तिथे नसतो, म्हणून ती चूक निसटते. ऊन चेहऱ्यावरच पडलंय आणि प्रेक्षक चेहराच बघतोय. शिवाय उजेड बदलला की चूक दिसत नाही, वेळ गेल्यासारखं वाटतं. दोन वाक्यांच्या मध्ये तीन तास गेले असं वाटलं की भांडणातली हवाच निघून जाते.

ढिगासाठी कागद-पेन्सिल घ्या. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला आणि शेवटी ताट किती भरलंय ते लिहून काढा. लहान, मधला, मोठा एवढं पुरे. मग एकच नियम पाळा: ढीग वाढलेला चालेल, घटलेला चालणार नाही. मध्ये निवडण्यात वेळ गेला असं डोळा मानून घेतो, पण ताटातली पानं परत जुडीत गेली असं तो मानत नाही. कट हात हलत असताना मारा. ती काडी टाकायला हात उचलते तिथे एक शॉट सोडा, काडी पडते तिथे दुसरा उचला. दोन-तीन फ्रेम मागेपुढे करून बघत राहा, एका जागी तो बसतो आणि जर्क जातो. डोळा हाताबरोबर निघालेला असतो, ताटाकडे वळत नाही.

मास्टरमध्ये ढीग चुकीचा असेल आणि कॅमेरा स्टँडवर न हलता उभा असेल, तर फ्रेम उभी कापता येते. आईची बाजू एका टेकमधून, मुलाची दुसऱ्यातून. फक्त दोन्ही टेक लागोपाठचे घ्या, नाहीतर फरशीवरचं ऊन सांध्यावर तुटलेलं दिसेल. सांधा दाराच्या चौकटीसारख्या उभ्या रेषेवर ठेवा. तो वर्तमानपत्रावरून गेला किंवा कुणाचा हात तो ओलांडून गेला की संपलं.

आता ऊन. मला दोन गोष्टी सांगा. कॅमेरा किती बिटला रेकॉर्ड करत होता? आणि फिल्म कोणत्या रिझॉल्यूशनला द्यायची आहे?

गॅलरीतला

शूट 4K, आठ बिट. द्यायची 1080 मध्ये. मास्टर स्टँडवरच होता.

जुना संकलक

मग रंगाच्या मागे लागू नका. आठ बिटमध्ये केशरी ऊन ओढून पांढरं करायला गेलात की कातडीचे रंग फाटतात, तुमचा राखाडीपणा तिथूनच आला असावा. गालावरचा भाग जिथे पांढरा फट्ट झालाय तिथे तर आत काही उरलेलंच नाही, आणायचं कुठून? आणि समजा रंग जुळला, तरी गजांची सावली तिथेच राहणार. डीआयमध्ये, म्हणजे रंग जुळवण्याच्या कामात, उन्हाचा रंग बदलतो, दिशा बदलत नाही.

तुमचा प्रसंगच संध्याकाळकडे सरकू द्या. ढिगाचा नियम इथेही लावा: उजेड एकाच दिशेने बदलेल, मागे येणार नाही. सुरुवात अडीचच्या मास्टरवर. मधला भाग पावणेचारच्या मुलावर. आईचा क्लोज पहिल्यांदा दिसेल तो तिचा हात थांबतो तेव्हा. त्यानंतर मास्टरवर परत जायचं नाही.

अडचण अशी की त्याआधीही आईची वाक्यं आहेत. त्यातली बरीचशी मुलाच्या चेहऱ्यावर ऐकवा. बातमी तो देतोय, तिचं बोलणं त्याला कसं लागतंय हेच तिथे बघण्यासारखं आहे. एक-दोन वाक्यांना ती दिसायलाच हवी असेल, तर मास्टरमध्ये आत शिरा. 4K मधून 1080 द्यायचंय, म्हणजे दुप्पट मोठं केलंत तरी पिक्सेल पुरतात. ती थोडी बाजूने दिसेल, फोकस जरा मऊ वाटेल, पण उजेड अडीचचा असेल.

आणि पॅच शूट करा. खोली लागत नाही. मेथीची एक जुडी, तसंच ताट, वर्तमानपत्र, काकूंच्या हातात होत्या त्याच बांगड्या. कुठल्याही पश्चिमेच्या खिडकीशी संध्याकाळी फक्त हात घ्या: आधी सावलीत निवडणारे, मग उन्हाचा कवडसा ताटाच्या काठावर आलेला. मुलाचा भाग संपतो तिथे हा दुसरा शॉट टाका, त्यानंतर काकूंचा टेक. ऊन आधी ताटावर आलेलं दिसलं की गालावर आलेलं खटकत नाही. ढीगही या शॉटमध्ये हवा तेवढा करून घेता येतो. कपाचा क्लोज मात्र टाळा, नाहीतर चहाची पातळी तुम्हीच बोट दाखवून सांगितल्यासारखं होईल.

सिनेमावेडा

शेवटी मुलगा उठून खिडकीशी जातो, तो तर मास्टरमध्येच असणार ना? तुमचा नियम तिथे मोडतो.

जुना संकलक

खरं आहे, तो माझ्या ध्यानात आला नाही. मुलाच्या क्लोजमध्ये तो उठून फ्रेमबाहेर जातो का ते बघा. जात असेल तर रिकामी फ्रेम दोन सेकंद धरा आणि आईवर संपवा. नसेल तर मला आत्ता उत्तर सुचत नाही.

ध्वनिवेडा

उजेडाबरोबर आवाजही सरकला असणार, तो तपासलात का? चाळीत अडीचला सामसूम असते. सव्वापाचला शाळा सुटून पोरं खाली क्रिकेट खेळत असतात. तसं असेल तर प्रत्येक कटला ती पोरं चालू-बंद होतील, आणि कान हे फार लवकर पकडतो. चित्र जुळलं तरी सांधा ऐकू येईल.

गॅलरीतला

होय! आईच्या क्लोजमध्ये खाली 'आउट, आउट' असा आरडाओरडा आहे. मी तो घालवायच्या प्रयत्नात होतो, पण काकूंचा आवाज डब्यात बोलल्यासारखा झाला.

ध्वनिवेडा

घालवू नका, उलट अलीकडे ओढा. खोलीचा रिकामा आवाज वेगळा रेकॉर्ड केला नसेल तर वाक्यांच्या मधल्या गॅपमधून तुकडे घेऊन एक सलग थर बनवा आणि साडेचार मिनिटं न तोडता खाली ठेवा. पोरांचा आवाज मुलाच्या क्लोजच्या मध्यापासून, अगदी बारीक, सुरू करा आणि हळूहळू वाढवा. आईच्या शॉटवर याल तेव्हा तो आधीच कानात असेल. काकूंच्या बोलण्याखालचा आरडाओरडा तसाच राहू द्या. फक्त 'आउट' हा शब्द एखाद्या वाक्यावर नेमका पडत असेल तर तेवढं बघा, कारण या प्रसंगात त्याला नको तो अर्थ येईल.

डोंबिवलीचं स्वयंपाकघर

व्हाइट बॅलन्स लॉक केला, भाजी आता हिरवीच दिसते. धन्यवाद. मेथी हवी असेल तर एक सांगते, निवडलेली पानं उन्हात पंधरा-वीस मिनिटांत मलूल होतात. पॅच शूटला दोन जुड्या आणा.

जुना संकलक

हे महत्त्वाचं सांगितलंत ताई. मलूल पानांचा ढीग बसतो, म्हणजे न काढताही घटलेला दिसतो.

गॅलरीतला

चार दिवसांनी लिहितोय. काकूंच्या घरची खिडकी पश्चिमेचीच निघाली. त्यांच्याच हातांचे दोन इन्सर्ट घेतले, दुसरा पाच वाजून दहा मिनिटांनी. ताटाच्या काठावर ऊन आलंय आणि त्यात गजाची एक सावलीही आहे, ती आम्ही काठी धरून पाडली. नवा क्रम लावल्यावर आईचा गाल आता खटकत नाही. घरी बहिणीला काही न सांगता दाखवलं, तिने उन्हाबद्दल विचारलंच नाही. 'तिचा हात का थांबला ते मला आधीच कळलं' असं म्हणाली.

मास्टरमध्ये आत शिरून घेतलेलं एक वाक्य मात्र मऊ दिसतंय, ते बहुतेक मुलाच्या चेहऱ्यावर टाकेन. ढीग एका ठिकाणी अजून घटतो, पण तिथे काकूंनी मान वर केलीय आणि मला तो शॉट बदलायचा नाही.

शेवटाचं जमलेलं नाही. मुलगा क्लोजमध्ये अर्धाच उठतो, दिग्दर्शकाने तिथे कट म्हटलंय. मास्टरमधला उठण्याचा शॉट घेतला की बाहेर पुन्हा अडीचचं आकाश आणि खाली सामसूम. आवाज पुढे ओढून बघितला, तरी फरशीवरचं ऊन खोटं सांगतं. अर्ध्या उठण्यावर काळं करून फक्त पावलांचा आवाज ठेवावा असं एक डोक्यात आहे. दिग्दर्शकाला ते पटत नाहीये. कुणी असं केलंय का?

ध्वनिवेडा

पावलं वेगळी रेकॉर्ड करावी लागतील, तशाच फरशीवर, अनवाणी. काळं करण्याऐवजी आईच्या चेहऱ्यावर ती ऐकवून बघितलीत का? दुसऱ्या टेकमध्ये हात थांबल्यानंतर ती किती वेळ धरून आहे?

गॅलरीतला

अकरा सेकंद. आज रात्री लावून बघतो.