पत्रिकेतलं ‘रिपु’ अरबीत लिहायचं कसं?

मेघा, विश्रामबाग
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्यांच्या आजोबांच्या पत्रिकेचा फोटो माझ्याकडे भाषांतराला आलाय. मस्कतचे त्यांचे एक स्नेही जुनं अरबी ज्योतिष वाचतात, त्यांना ती अरबीतून हवी आहे. ग्रहांचं काही अडत नाही. रवी शम्स, चंद्र कमर, मंगळ मिर्रीख, बुध उतारिद, गुरू मुश्तरी, शुक्र झुहरा, शनी झुहल. लग्नाला, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीला, ‘तालिअ’ हा रूढ शब्द आहेच.

अडलंय ते स्थानांपाशी. कुंडलीच्या प्रत्येक घरात तनु, धन, सहज, सुहृद, सुत, रिपु, जाया अशी बारीक अक्षरात नावं आहेत. अरबीतही बाराही घरांना नावं आहेत आणि बरीचशी जुळतात. धनस्थान ‘बैत अल-माल’, सहज म्हणजे भावंडांचं ‘बैत अल-इख्वा’, मृत्युस्थान ‘बैत अल-मौत’. पण रिपु म्हणजे शत्रू म्हणून मी ‘शत्रूंचं घर’ लिहिलं, तर अरबी वाचणारा ते बारावं स्थान धरणार. त्यांच्याकडे शत्रू बाराव्यात आणि सहावं आजारपणाचं, नोकरचाकरांचं. मग रूढ शब्द घ्यावा, की ‘रिपु’ तसंच अरबी लिपीत उतरवावं?

कोयनाकाठ
तसंच उतरवा. ही आपली विद्या आहे, आपली नावं आहेत. पाहिजे तर खाली अर्थ द्या. भाषांतर केलं की विचारही त्यांचाच होऊन बसतो.

सलीम, मिरज
कोयनाकाठ, ग्रहांचीही नावं तशीच उतरवणार का? अरबीत ‘ग’ नाही. ‘गुरू’ कुणी ‘घ’सारख्या गैनने लिहितं, कुणी जीमने, कुणी काफने. वाचणाऱ्याला कळायचंही नाही की हा मुश्तरी आहे. आमच्या घरी उर्दू जंत्रीत मुश्तरी, मिर्रीख, जोहरा हीच नावं असायची. मेघाताई, उर्दूत जे आहे ते डोळे झाकून घ्या, सगळं अरबीच आहे.

मेघा, विश्रामबाग
सलीमभाई, ग्रहांपुरतं जुळतं. पण उर्दूत कन्या राशीला सुंबुला म्हणतात, आजच्या अरबीत ‘अझरा’ जास्त चालतं. जुनी पुस्तकं वाचणाऱ्याला सुंबुला चालेल, त्यांच्या नातवाला नाही.

सुहास, कराड
एवढा घोळ कशाला? नावं सोडा, आकडे लिहा. कुंडलीत प्रत्येक घरात आकडा असतोच. ५ असेल तिथे ‘पाचवं घर’.

वाईकर
सुहासराव, निम्मं बरोबर. नावाआधी स्थानाचा क्रमांक लिहायचा, हे अगदी खरं. पण आपल्या कुंडलीत छापलेला आकडा स्थानाचा नसतो, राशीचा असतो. वरचं मधलं घर नेहमी पहिलं. तिथून डाव्या हाताला, घड्याळाच्या उलट मोजायचं. वरच्या घरात ५ असेल तर ते पाचवं स्थान नव्हे, सिंह लग्न. तो आकडा स्थान समजून भाषांतरला तर अख्खी पत्रिका चार घरं सरकते.

मेघाताई, आणखी एक. ते आकडे देवनागरीत तसेच ठेवू नका. मस्कतच्या माणसाला आपला १ हा त्यांच्या नवासारखा दिसेल आणि आपलं शून्य त्यांच्या पाचासारखं. म्हणजे आपला १० त्यांना पंच्याण्णव! आकडा काढून राशीचं नावच लिहा.

मेघा, विश्रामबाग
काका, वरच्या घरात ५ च आहे! तिथे ‘र’, ‘बु’ आणि घडीवर आलेलं एक अक्षर आहे. ‘श’ की ‘शु’ ते कळत नाही, खालची मात्रा घडीत गेलीय. चौथ्या घरातही ८ च्या शेजारी असाच ‘श’ आहे, त्याच्याखाली शाई पसरलीय. जन्मतारीख ५ सप्टेंबर वाचता येते, वेळ सूर्योदयाची.

वाईकर
मग सुटलं की. शुक्र सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे जात नाही. ५ सप्टेंबरला निरयन, म्हणजे आपल्या पद्धतीने ताऱ्यांवरून मोजलेला, सूर्य सिंहेच्या १९ अंशांच्या आसपास असतो. तिथून वृश्चिकेचा आरंभच ७१ अंशांवर. म्हणजे चौथ्यातला शुक्र असूच शकत नाही. तो शनी, झुहल. वरचा शुक्र, झुहरा. राहू-केतूही तपासा. ते समोरासमोरच यायला हवेत, एक दुसऱ्यात असेल तर दुसरा आठव्यात. तसं नसेल तर कुठेतरी अक्षर चुकीचं वाचलंय.

मेघा, विश्रामबाग
तसेच आहेत, दुसऱ्यात आणि आठव्यात. त्यांना ‘रास’ आणि ‘झनब’ लिहू ना, डोकं आणि शेपूट?

वाईकर
लिहा, पण कंसात राहू, केतू उतरवाच. अरबी परंपरेत हे अजगराचं डोकं-शेपूट म्हणजे चंद्राच्या मार्गावरचे छेदबिंदू. आपल्याकडे ते नवग्रहांत बसतात, त्यांची महादशा चालते. नुसतं ‘डोकं’ वाचून त्यांना दशेचं पान लागणार नाही.

आणि वर एक ओळ ठळक लिहा, की राशी निरयन आहेत. त्यांच्या हिशेबाने ५ सप्टेंबरचा सूर्य कन्येत. पत्रिकेत सिंह, म्हणजे ‘असद’, बघून ते म्हणतील भाषांतर चुकलं.

शुभदा, तासगाव
माझ्या भाचीच्या पत्रिकेत मंगळ सातव्यात आहे. अरबी ज्योतिषात मंगळदोष मानतात का हो? मुलगा दुबईत असतो म्हणून विचारते.

सलीम, मिरज
ताई, जंत्रीत मिर्रीखला नहस, म्हणजे अशुभ ग्रह म्हणतात. पण लग्न जुळवताना असा दोष काढलेला मी तरी पाहिला नाही.

कोयनाकाठ
मुद्दा सुटतोय. आपली नावं टिकावीत एवढंच माझं म्हणणं.

वाईकर
टिकावीत, पण देवघेव जुनीच आहे. १५८७ च्या ‘ताजिक नीलकंठी’ या संस्कृत ज्योतिषग्रंथात इत्थशाल, इक्कबाल, मुंथा, सहम हे शब्द आहेत. सगळे अरबी, संस्कृतात उतरवलेले. तिथे नीलकंठ दैवज्ञांनी भाषांतर न करता शब्दच ठेवले, कारण त्या कल्पनांना इथे जोडीदार नव्हता. ग्रहांची नावं मात्र घेतली नाहीत, ती आपल्याकडे होतीच. मेघाताईंनी हाच निकष लावावा.

मेघा, विश्रामबाग
पटतंय. मग सहाव्याला ‘अल-बैत अस-सादिस’ लिहिते, पुढे ‘रिपु’ अरबी लिपीत आणि अर्थ म्हणून ‘शत्रू आणि रोग’. म्हणजे ते बाराव्यात शोधणार नाहीत. पण नक्षत्रांचं काय? त्यांच्याकडे चांद्रमंझिली आहेत.

सलीम, मिरज
जमतील की. रोहिणी दबरान, कृत्तिका सुरैया.

वाईकर
त्या दोन जमतात, पुढे पाय घसरतो. त्यांच्या मंझिली २८, आपली नक्षत्रं २७. ताऱ्यावरून नाव द्यायला गेलात तर चित्राही सिमाक आणि स्वातीही सिमाक, कारण अरबीत त्या दोन्ही ताऱ्यांच्या नावात सिमाक आहे. नक्षत्रं तशीच उतरवा.

कोयनाकाठ
बघा, शेवटी उतरवायचीच!

सुहास, कराड
‘तालिअ’वरून आठवलं, आपला ‘तालेवार’ त्यातलाच ना? आणि राशीला अरबीत बुर्ज म्हणतात, तर अजिंक्यताऱ्याचा बुरूजही तोच?

सलीम, मिरज
तालेवार नक्कीच, ताले म्हणजे नशीब. बुर्जही तोच, अनेकवचन बुरूज.

कोयनाकाठ
अनेकवचनाचं एकवचन झालं म्हणता? मला नाही पटत. मराठीत जोडाक्षर फोडतातच, हुक्मचं हुकूम झालं तसं बुर्जचं बुरूज.

सुहास, कराड
मग ‘उमराव’? ते अमीरचं अनेकवचनच की, आणि आपण एकालाच म्हणतो.