गेमिंग पीसीला स्टॅबिलायझर हवाच का? (इंदूरकरांनीच बोलावं)

सुदामानगरचा_गेमर: संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे व्होल्टेज १८५ वर येतं. गेम चालू असताना पीसी दोनदा आपोआप रीस्टार्ट झाला. जेल रोडवर दुकानदार म्हणाला, ‘भिया, स्टॅबिलायझर लावा, नाहीतर ग्राफिक कार्ड जाईल.’ घ्यावा की यूपीएस?

जुना_मेकॅनिक: हे ‘कार्ड जाईल’ ऐकून ऐकून कान किटले, म्हणून सविस्तर लिहितो. कार्डाला तुमचे १८५ व्होल्ट दिसतच नाहीत. त्याला एसएमपीएसकडून १२ व्होल्ट मिळतात. तेव्हा आधी एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. इनपुट 100-240V लिहिलं असेल तर १८५ त्याच्या हिशोबात किरकोळ आहे. फक्त करंट वाढतो. ४०० वॉटला २३० वर पावणेदोन अँपिअर, १८५ वर सव्वादोनच्या आत. पण 200-240V लिहिलं असेल, तर तुम्ही त्याला रोज संध्याकाळी उपाशी ठेवताय.

आता रीस्टार्ट. शेजारच्या खोलीतला एसी चालू होताना होतो का? कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर आणखी खाली जातं. एसएमपीएसचा कपॅसिटर साधारण १०-१५ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे पुरती एक सायकलही नाही. स्टॅबिलायझरचा रिले टॅप बदलताना तोही मधे क्षणभर सप्लाय तोडतो. १८५ च्या आसपास टॅपची सीमा आली की रात्रभर टक-टक. ते औषध नव्हे, नवा आजार.

राजवाड्याचे_काका: आमच्या फ्रिजला १९९४ पासून स्टॅबिलायझर आहे. फ्रिज अजून तोच! तुमचं ज्ञान तुम्हाला लखलाभ.

जुना_मेकॅनिक: काका, फ्रिजची मोटर कमी व्होल्टेजला तापते, तिला स्टॅबिलायझर हवाच. पीसीत फ्रिज कुठे आहे?

लोकमान्यनगरची_ताई: अरे, घरात इन्व्हर्टर असेलच ना? मी त्यावरच ऑफिसचं काम करते, लाइट गेले तरी लॅपटॉप बंद पडत नाही.

सुदामानगरचा_गेमर: ताई, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हो! इन्व्हर्टर आहे, पण ‘नॉर्मल’ मोडवर.

जुना_मेकॅनिक: मग यूपीएस मोडवर टाकून बघा. स्विचिंग लवकर होतं. पण त्या मोडमध्ये बरेच इन्व्हर्टर १८० च्या आसपासच बॅटरीवर जातात. तुमच्या १८५ ला तुम्ही रोज संध्याकाळी काठावर, आणि पीसीबरोबर पंखेही त्याच बॅटरीवर.

पलासियाकर: तुम्ही सगळे खालच्या व्होल्टेजवर अडकलात. आमच्या गल्लीत खांबावरचा न्यूट्रल सुटला होता. आमच्याकडे ट्यूबलाइट मंद, समोरच्या घरी बल्ब ढणाढणा. मीटर लावलं तर ३४०! त्यांचे दोन टीव्ही, वॉशिंग मशीन आणि राउटर गेले. वीजवाल्यांनी नुसती तार पिरगाळून दिली, भरपाई शून्य. तेव्हा स्टॅबिलायझर असता तर?

राजवाड्याचे_काका: आता बोला!

जुना_मेकॅनिक: बोलतो. हाय-कट असलेला स्टॅबिलायझर तिथे कामी आला असता, मान्य. पण मग एकट्या पीसीलाच का? मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा, अख्खं घर सुटतं. आणि खूण लक्षात ठेवा. आपला मिक्सर चालू केल्यावर दिवे किंचित मंद झाले तर तो बहुधा साधा ड्रॉप. मंद होण्याऐवजी उजळले, किंवा काहीच चालू न करता उजळू-मंदावू लागले, तर न्यूट्रल. त्या वेळी मेन पाडा आणि फोन करा. ‘आमच्याकडे तर लाइट आहे’ म्हणत बसू नका.

पलासियाकर: आमच्याकडे तेच म्हणत बसलो होतो. दोन तास.

राजवाड्याचे_काका: म्हणजे स्टॅबिलायझर चालतो. एवढं कबूल करायला तीन पोस्टी लागल्या.

सुदामानगरचा_गेमर: बाकीच्यांचे न्यूट्रल झाले असतील तर माझं? स्टिकर पाहिलं: 200-240V. आणि हो, काल एसी बंद ठेवून तीन तास खेळलो, एकदाही रीस्टार्ट नाही.

जुना_मेकॅनिक: एका दिवसावरून ठरवू नका, अजून दोन संध्याकाळी बघा. एसी बंद असूनही झाला तर दोष आतला, एसएमपीएस नाहीतर गरमी. झाला नाही तर पहिला खर्च एसएमपीएसचा: 100-240V, ॲक्टिव्ह पीएफसीवाला. लाइट जाऊन सेव्ह उडतंय असं वाटलं तरच यूपीएस. पण ६०० व्हीएचा नको, तो ३६० वॉटलाच धापा टाकतो. तुमचं कार्ड, सीपीयू, मॉनिटर मिळून साधारण ३५०. १००० व्हीए, ६०० वॉट घ्या, आणि इनपुट रेंज १६० च्या खाली जाते का ते दुकानातच वाचा. नाहीतर रोज संध्याकाळी बॅटरीच रिकामी होईल. बॅकअप पाच-सात मिनिटं. गेम पूर्ण करायला नाही, बंद करायला.

सुदामानगरचा_गेमर: म्हणजे दुकानदार दोन हजारांचं सांगत होता, तुम्ही आठ हजारांचं सांगताय. धन्यवाद, काका.

लोकमान्यनगरची_ताई: मी तर म्हणते लॅपटॉपच घे.