पाणी तुंबले, लिफ्ट अडली: सोसायटीच्या अंकासाठी विनोदी कविता

धाग्याचा विषय: सोसायटीच्या पावसाळी अंकासाठी अशी कविता लिहिताना छंद कसा सांभाळला, विनोद कुठे फसला, ते ओळींसकट सांगा.

मुक्ताई: अभंगाचा साचा घ्या. चार चरण, अक्षरे सहा-सहा-सहा-चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. शेवटचा चरण आखूड असल्याने हशा तिथेच येतो.

लिफ्टवर पाटी । काम चालू आहे ।
तीच पाटी राहे । चातुर्मास ॥

'चातुर्मास' आधी आला असता तर पुढे ऐकायला काही उरले नसते.

शशी_ब: 'लिफ्ट' तीन अक्षरांची धरा, जोडाक्षर दोन मोजतात.

मुक्ताई: नाही शशीराव, ते मात्रांचे गणित. तिथेही जोडाक्षर स्वतः दुप्पट होत नाही, आघात आला तर त्याच्या आधीचे अक्षर दोन मात्रांचे होते. इथे 'लि' आणि 'फ्ट', दोनच अक्षरे.

तळमजला: आमच्याकडे पाणी ओसरल्यावर लगेच लिफ्ट चालू करावी का?

जिनेदार: नको. खड्ड्यातले पाणी उपसून मेकॅनिकने आतली वायरिंग आणि स्विच तपासेपर्यंत मेन स्विच बंदच ठेवा. धागा कवितेचा आहे, पण कवितेचा सांधाही याच खड्ड्यात आहे. पुष्कळ जण चार कडवी पाण्यावर लिहितात, चार लिफ्टवर, आणि दोन वेगळ्या कविता होतात. अंगणातले पाणी लिफ्टच्या खड्ड्यात उतरते म्हणून लिफ्ट थांबते. हे कारण मधल्या कडव्यात आले की दोन्ही विषय जुळतात. माझा पहिला खर्डा:

खड्ड्यामध्ये पाणी । लिफ्ट वर अडे ।
जिने चढू गडे । सात मजले ॥

मुक्ताई: शेवटी पाच अक्षरे झाली. मोठ्याने म्हटले की 'ले' बाहेर लोंबते. 'सात माळे' करा.

अंजू_कु: माझे कडवे पार्किंगचे:

पार्किंगात तळे । स्कूटर पोहते ।
मालका पाहते । काठावरी ॥

आधी इथे सेक्रेटरींचे आडनाव होते. ते काढून स्कूटर घातली, तेव्हा सगळेच हसले. फ्लॅट क्रमांकही घालू नये, लोक लगेच हिशेब लावतात.

शशी_ब: शेवटी 'तुका म्हणे'सारखे काही हवेच ना?

मुक्ताई: हवेच असे नाही, पण शोभते. नाव मात्र कवीचे नको, सगळे पाहणाऱ्याचे घ्या:

वॉचमन म्हणे । पंप आहे नवा ।
फक्त त्याला हवा । पाइप हो ॥

अशी पाच-सहा कडवी पुरेत. त्यापुढे तोच ठेका कंटाळवाणा होतो.

अंजू_कु: जिनेदार, 'जिने चढू गडे' मला खटकते. गुडघे दुखणाऱ्यांना त्यात हसू येणार नाही. माणसाऐवजी 'सिलिंडर चढे' करा, सहाच अक्षरे आहेत.

जिनेदार: चित्र जास्त चांगले आहे. पण 'अडे'ला 'चढे' हे यमक चालेल का? कानाला ड-ढ वेगळे लागतात.

शशी_ब: विनोदी कवितेत चालते.

मुक्ताई: मला अजून पटत नाही. 'अडे'च बदलता आले तर बघा.