तपकिरी दिसला की अल्ब्युमेन? हा नियम कुणी काढला?

परळचा_पोपट:
माळ्यावरून पणजोबांचा फोटो निघाला. चकचकीत आहे, रंग तपकिरी-पिवळा, म्हणजे अल्ब्युमेन, म्हणजे १८७० च्या आसपासचा. कोटाच्या काळ्या भागात धातूसारखी निळसर चकाकी आहे, त्यामुळे कुणी लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइपही म्हणेल, पण कागद आहे. जाड राखाडी पुठ्ठ्यावर खाली उजवीकडे स्टुडिओचं नाव दाबून उठवलंय. सोपा नियम लक्षात ठेवा: तपकिरी ते अल्ब्युमेन, काळंपांढरं ते सिल्व्हर जिलेटिन.

भिंगवाला_गिरगाव:
पोपटराव, एवढा एक नियम घरच्या ग्रुपवर पाठवू नका, हात जोडतो. असे नियम फिरतात आणि मग चोरबाजारात १९१० चा फोटो '१८५७ च्या बंडाच्या वेळचा' म्हणून गळ्यात मारतात.

रंग सगळ्यात शेवटी बघायचा. जिलेटिनचा ब्रोमाइड प्रिंट सल्फाइडने टोन केला की तपकिरी होतो. उन्हात छापायचे जिलेटिनचे आणि कलोडियनचे कागद तर मुळातच तांबूस-जांभळट. आधी बघायचे ते कागदाचे तंतू. दहा पटीचं भिंग चालतं, वीस-तीस पटीचं असेल तर उत्तम. फोटोत जिथे सगळ्यात पांढरं आहे, उपरणं म्हणा, धोतराच्या निऱ्या म्हणा, तिथे लावा. अल्ब्युमेनमध्ये अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ थर थेट कागदावर असतो, म्हणून खालचे तंतू आरपार दिसतात आणि बहुतेक वेळा थराला बारीक भेगांची जाळीही असते. पुढच्या कारखानी चकचकीत कागदांत मध्ये बॅराइटाचा पांढरा लेप आला. तंतू त्याखाली बुजले.

आता ती चकाकी. ती जुन्या जिलेटिनची खूण आहे. दमट हवा आणि कपाटातल्या, पुठ्ठ्यातल्या वाफा यांनी चांदी थोडी थोडी सुटते, वर येते आणि पृष्ठभागावर पुन्हा धातू होऊन बसते. म्हणून ती काळ्या भागात आणि कडांना जास्त. मुंबईच्या हवेत तर ठरलेलीच. अल्ब्युमेनवर ती क्वचितच दिसते.

आणि पुठ्ठा. १८७० चं कार्ड बहुधा पातळ, फिक्या रंगाचं, नाव छापलेलं. जाड राखाडी पुठ्ठा आणि दाबून उठवलेलं नाव म्हणजे १९०० च्या आगेमागे.

रसायन_काका:
एवढं भिंगपुराण कशाला? कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. जिलेटिन फुगतं, चिकट लागतं. कलोडियन पाण्याला दाद देत नाही, त्याला स्पिरिट लागतं. आमच्या लॅबमध्ये आम्ही हेच करायचो. आणि तंतूंचं म्हणाल तर मॅट कागद विसरलात. कित्येक मॅट कागदांत बॅराइटा नावापुरता किंवा नसतोच, तिथे जिलेटिनखालीही तंतू दिसतात.

भिंगवाला_गिरगाव:
काका, पाण्याचं रसायन बरोबर आहे आणि सल्ला भयंकर आहे. थेंब सुकला की तिथे कायमचा डाग राहतो, जिलेटिन ओलं असताना बोट लागलं तर चित्रच निघून येतं. स्पिरिटने कलोडियन विरघळतं. म्हणजे उत्तर मिळालं आणि फोटो गेला. लॅबमध्ये तुमच्याकडे फेकायचे तुकडे असतील, इथे एकुलता एक पणजोबा आहे.

मॅटचं मात्र खरं. घ्या, एक गुण तुम्हाला. पण पोपटरावांचा फोटो चकचकीत आहे, तेवढं वाचायचं राहिलं बहुतेक.

ठाण्याची_सुनंदा:
आमच्याकडे सासऱ्यांच्या आजीचा फोटो आहे, त्याला चक्क लोहचुंबक चिकटतं. म्हणजे टिनटाइपच ना? किती किंमत येईल?

भिंगवाला_गिरगाव:
सुनंदाताई, चुंबक कशाला चिकटलं, फोटोला की फ्रेमच्या पाठीला? जुन्या फ्रेमांना मागे पत्रा ठोकलेला असायचा. फोटो बाहेर काढल्यावर चिकटलं तर बोलू. चुंबक कागदात गुंडाळा, वार्निशवर ओरखडा नको.

ठाण्याची_सुनंदा:
पाठीला. पण पत्रा खूप जुना आहे.

दादरचा_दिन्या:
फ्रेमचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आजोबांचा लग्नातला फोटो एका फ्रेमवाल्याकडे दिला. त्याने पुठ्ठा 'फ्रेमीत मावत नाही' म्हणून चारही बाजूंनी कापला. स्टुडिओचं नाव, खालची पेन्सिलची नोंद, सगळं कचऱ्यात. वर काच थेट फोटोला टेकवली. पहिल्या पावसाळ्यात चेहरा काचेला चिकटला. आता फ्रेम उघडली तर चेहरा काचेवर राहणार.

रसायन_काका:
म्हणूनच मी म्हणतो, पुठ्ठ्यावरून फोटो सोडवून ठेवावा. कोमट पाण्यात तासभर. पुठ्ठ्यातलं आम्लच फोटो खातं.

भिंगवाला_गिरगाव:
पुन्हा पाणी! काका, तुमच्या घरी नळ बंद करायची सोय नाही का? पुठ्ठ्याने नुकसान होतं, मान्य. पण अल्ब्युमेनचा कागद इतका पातळ की सुटला की नळी होऊन बसतो, म्हणून तर तो मुळात पुठ्ठ्यावर डकवायचे. शिवाय पुठ्ठा निम्मी साक्ष देतो.

रसायन_काका:
भाषा सांभाळा. तुम्ही भिंग हातात घ्यायच्या आधीपासून मी डार्करूममध्ये उभा आहे.

दादरचा_दिन्या:
भांडा, पण काचेला चिकटलेल्याचं काय करू ते कुणी सांगेल का?

भिंगवाला_गिरगाव:
ओढू नका, ओलं करू नका, गरम करू नका. काचेसकट चांगला स्कॅन करून घ्या आणि तसाच कोरड्या जागी ठेवा. सोडवायचा तर कागद-संवर्धनवाल्याकडूनच, आणि तोही हमी देणार नाही.

परळचा_पोपट:
घ्या, भिंग आणलं. धोतरावर तंतू नाहीत, भेगांची जाळी नाही. जिंकलात, पेढे वाटा. पण आता याचं उत्तर द्या: पणजोबा प्लेगच्या साथीत गेले, १८९७ च्या सुमारास, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. मग तुमचा १९०० नंतरचा पुठ्ठा वारलेल्या माणसाला समोर बसवून फोटो काढत होता का?

भिंगवाला_गिरगाव:
आता प्रश्न कामाचा विचारलात. कागद आणि पुठ्ठा यांवरून प्रिंट कधी निघाला ते कळतं, माणूस कॅमेऱ्यासमोर कधी बसला ते नाही. माणूस गेल्यावर जुन्या फोटोचा फोटो काढून मोठा करून घेणं हे तेव्हा स्टुडिओंचं रोजचं काम होतं. तीन गोष्टी बघा. भुवया, मिशी, पगडीच्या घड्या भिंगाखाली तुटक आणि मऊ दिसतात का? चेहऱ्यावर पेन्सिलीने किंवा ब्रशने हात फिरवलाय का? आणि एखादा डाग किंवा भेग शोधा, त्यावर बाजूने तिरपा उजेड टाका. पृष्ठभागावर काहीच उंचसखल नसेल आणि तरी भेग दिसत असेल, तर ती आतल्या, मूळ फोटोची भेग आहे.

परळचा_पोपट:
मिशी रंगवल्यासारखी आहे. खांद्याजवळ वाकडी रेघ आहे, मी पडद्याची समजत होतो. बोटाला काही लागत नाही.

भिंगवाला_गिरगाव:
बोट?! तिरपा उजेड म्हटलं होतं, बोट कुणी सांगितलं? असो. तर कॉपी असण्याची शक्यता बरीच. मूळ कदाचित अल्ब्युमेन असेलही, त्याच माळ्यावर नीट शोधा.

रसायन_काका:
आणि हा प्रिंट उन्हात छापलेला की टोन केलेला ब्रोमाइड, ते तुम्ही अजून सांगितलंच नाही.

भिंगवाला_गिरगाव:
इथून सांगता येणार नाही. मोबाइलवर रंग खरे येत नाहीत. एवढी चकाकी आणि त्यात कॉपी, म्हणून माझा कल ब्रोमाइडकडे.

रसायन_काका:
माझा उन्हात छापलेल्याकडे. चकाकी त्यालाही येते. आणि आमचे वडील कॉपीसुद्धा उन्हातच छापायचे.

ठाण्याची_सुनंदा:
पत्रा काढला. आत कागद आहे. तपकिरी.